उष्ट्या हळदीबरोबर गेलेलं पत्र

लग्नाच्या दिवशी सकाळी नवऱ्यानं नवरीला पत्र पाठवायचं, अशी रीत आमच्या खानापूर-बेळगाव भागात कधी नव्हती. त्या सकाळी नवऱ्याकडून नवरीकडे जाते ती उष्टी हळद. नवऱ्याला लावून उरलेली हळद वाटीत घेऊन करवल्या आणि दोन-चार जाणत्या बायका कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत जातात आणि तीच हळद मग नवरीला लागते. पत्राची हौस अलीकडची. फोटोग्राफरच सुचवतात म्हणे, आणि नवरी ते वाचत असताना समोर कॅमेरा धरून उभे राहतात. कॅमेऱ्यासमोर वाचायचं पत्र मला पटत नाही. आपल्याकडे कोणीतरी बघतंय हे ठाऊक असताना माणूस वाचत नाही, वाचल्यासारखं दिसतो. पण पत्राची कल्पना मला मनापासून आवडली. त्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत नवरीशी सगळे बोलत असतात, फक्त नवरा तेवढा बोलू शकत नाही. मध्ये आधी रिवाज असतो आणि मग अंतरपाट.

माझ्या भाच्यानं असं पत्र लिहायचं ठरवलं आणि मसुदा घेऊन माझ्याकडे आला. मी मराठी शाळेत शिकवण्यात आयुष्य घातलेलं, त्यामुळे त्याला वाटलं असणार, आत्ती शुद्धलेखन बघेल. "आत्ती, तू जरा बघ की," एवढंच म्हणाला. कागद फुलस्केप, दोन्ही बाजूंनी भरलेले, आणि एकावर एक असे बरेच.

मी पत्र वाचायच्या आधी त्याला विचारलं, हे ती वाचणार कधी? त्याला ते सुचलंच नव्हतं. मुलाच्या डोळ्यांसमोर एक निवांत खोली होती, खिडकीपाशी खुर्ची होती, आणि त्यात ती एकटी. लग्नाच्या सकाळी अशी खोली कुठल्याही कार्यालयात नसते. मी त्याला तिची सकाळ सांगितली. आमच्याकडे अक्षता बहुतेक दुपारी बाराच्या पुढे पडतात. त्याआधी हळद, मग न्हाणं, मग पार्लरवाली, केस, साडी, दागिने, मग गौरीहरापुढे बसणं, आणि मग मामा हात धरून मांडवात नेतो. हळदीच्या वेळी तिचे हात भरलेले. पार्लरवाली बसली की डोळ्यांत काजळ आणि चेहऱ्यावर थर, त्या वेळी डोळ्यांत पाणी आलं तर सगळं परत करायचं. गौरीहरापुढे बसल्यावर तिनं पूजा करायची, कागद उलगडायचे नाहीत. तर उरते ती फट फक्त न्हाणं झाल्यानंतरची आणि पार्लरवाली हात लावायच्या आधीची. केस ओले, अंगावर साधी साडी, आणि खोलीत तरीही दोन मावश्या, एक बहीण आणि एखादं रडणारं पोर. तेवढ्या फटीत एका कागदाच्या दोन बाजू वाचून होतात. साध्या हातानं लिहिलेल्या एका बाजूवर दीडशे-दोनशे शब्द बसतात. म्हणजे तीन-साडेतीनशे शब्दांत सगळं आलं पाहिजे.

त्याचं तोंड उतरलं. पण लांबी ही सोपी अडचण होती. खरी अडचण वेगळीच होती, आणि ती आमच्या या भागातच येऊ शकते.

मुलगी गोकाककडची. घर मराठ्यांचं, बोलणं मराठी, पण गावात मराठी शाळा नाही म्हणून पहिलीपासून कन्नड माध्यम. पुढे नर्सिंगही तिकडेच. मराठी ती आमच्याइतकीच गोड बोलते, चार शब्द कन्नडचे जास्त, पण ते आमच्याही बोलण्यात असतातच. भाचा खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेला, आता उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला. ठरल्यापासून दोघांचं रोज बोलणं, फोनवर नाहीतर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. टाइप करायचं तेव्हा दोघंही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. त्यामुळे ती देवनागरी कितपत वाचते, याचा प्रश्न त्यांच्यात कधी आलाच नाही.

मला तो दिसला पत्रिकेच्या वेळी. सीमेवरच्या अशा लग्नांत पत्रिका दोन छापतात, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. दोन्ही एकदम छापून आल्या तेव्हा ती आमच्या घरी आली होती. कन्नड पत्रिकेवरून तिची नजर एका दमात खाली गेली आणि तिनं लगेच एका पाहुण्याच्या नावातली चूक काढली. मराठी पत्रिका हातात घेतल्यावर मात्र तिचं बोट ओळीखाली आलं. शाळेत पोरांची बोटं बघण्यातच माझा जन्म गेला. बोट ओळीखाली येतं तेव्हा डोळा एकेक अक्षर जुळवत असतो.

तिला देवनागरी येते ती हिंदीतून. कन्नड शाळेत हिंदी तिसरी भाषा म्हणून सहावीपासून असते. म्हणजे अक्षरओळख पक्की, पण सवय पुस्तकातल्या छापील, हिंदी वळणाच्या अक्षरांची. आणि भाच्याचा मसुदा होता मराठी माणसाच्या धावत्या हाताचा. त्यात शिरोरेघ जवळपास नव्हतीच. आपण मोठेपणी घाईत लिहितो तेव्हा ती आधी पातळ होते, मग गायब होते. आपल्याला काही अडत नाही, कारण आपण अक्षर वाचत नाही, अख्खा शब्द ओळखतो. पण नव्या डोळ्याला ती रेघ आधार असते. भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक डोक्यावरची रेघ कुठे तुटते यावरच उभा आहे. रेघ काढून टाकली की 'धर' आणि 'घर' सारखेच दिसायला लागतात. ख नीट जोडला नाही की तो 'रव' होतो. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीच्या पुस्तकातल्यापेक्षा वेगळे. ळ तिला कन्नडमुळे तोंडात आहे, कानात आहे, पण हिंदीच्या पुस्तकात तो तिला भेटलेला नाही. आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे 'ऱ्य'. तो हिंदीत नाही. आचार्य लिहिताना र वर जातो आणि आचाऱ्यांना लिहिताना तो अर्धा होऊन बाजूला येतो, हे आपण नकळत शिकतो. हिंदीतून आलेला वाचक तिथे थांबतोच.

मी हे सगळं भाच्याला सांगितलं तेव्हा तो पटकन म्हणाला, मग कन्नड लिपीतच लिहितो, भाषा मराठी ठेवून. विचार वाईट नव्हता. कन्नड अक्षरांत मराठी बऱ्यापैकी बसते, ळसुद्धा आहे. मराठी शाळेतही आपल्या पोरांना कन्नड शिकावी लागते, त्यामुळे अक्षरं त्याला येत होती. आम्ही माझ्या स्वयंपाकघरातच बसून चार ओळी लिहून पाहिल्या. पण त्याचा हात दर शब्दाला अडत होता. कन्नडात जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, त्याला ओत्तक्षर म्हणतात, आणि तो नेमका कुठला लटकवायचा हे आठवता आठवता त्याचं वाक्य निसटत होतं. अडखळायचंच असेल तर दोघांपैकी कोणी अडखळावं? माझं मत असं झालं की लिहिणाऱ्याचा हात सुटा राहू दे, नाहीतर पत्रात माणूस न येता नुसता अभ्यास येतो. वाचणारीसाठी जेवढं सोपं करता येईल तेवढं अक्षरातून करायचं.

मग पत्र देवनागरीतच ठरलं, पण वेगळ्या हातानं. एकरेघी कागद, त्यात एक ओळ सोडून लिहायचं. प्रत्येक शब्दावर पूर्ण शिरोरेघ, आणि दोन शब्दांमध्ये बोटभर जागा. ख ची गाठ खाली जोडलेली. ऱ्य येतो ते शब्द टाळायचे: 'दुसऱ्या दिवशी' ऐवजी 'उद्या', 'वाऱ्यावर' असेल तर ते वाक्यच नको. वाक्यं लहान. आणि सगळ्यात वर, श्रीच्या खाली, पहिली ओळ मात्र कन्नड लिपीत आणि कन्नड भाषेत: 'निधानवागि ओदु, अवसर इल्ला.' सावकाश वाच, घाई नाही. एवढी एक ओळ तो चुकल्याशिवाय लिहू शकत होता. मला ती ओळ फार महत्त्वाची वाटली. बोट ओळीखाली ठेवून वाचणाऱ्या माणसाला सगळ्यांदेखत लाज वाटते. ती लाज पहिल्याच ओळीत, तिच्या शाळेच्या अक्षरात, काढून टाकली तर पुढचं ती मोकळी होऊन वाचेल.

मायन्याचा घोळ त्याला बराच वेळ होता. जुन्या पत्रांत नवरा बायकोला 'अनेक आशीर्वाद' लिहायचा. आता कोण लिहील तसं? तिचं नाव लिही आणि स्वल्पविराम दे, म्हटलं.

मजकुराकडे वळलो तेव्हा मी त्याला सांगितलं की सगळं मला वाचायला देऊ नकोस. तुला जिथे शंका आहे तेवढंच दाखव. त्यानं दोन जागा दाखवल्या.

पहिली होती कर्जाची. बहिणीच्या लग्नासाठी आणि घराच्या मागच्या दोन खोल्यांसाठी त्यानं सोसायटीचं कर्ज काढलेलं, आणि अजून काही वर्षं पगारातला हप्ता जाणार होता. हे तिला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, लग्नाच्या सकाळी सगळं खरं सांगून टाकावं, मन स्वच्छ करून मांडवात उभं राहावं. ऐकायला चांगलं वाटतं. पण मी त्याला म्हटलं, अंगाला हळद लागलेली मुलगी हे वाचून काय करेल? खाली आचाऱ्यांच्या चुली पेटलेल्या, गोकाकहून गाड्या भरून माणसं आलेली, बाप दारात उभा. तिला राग आला, वाईट वाटलं, नुसतं विचारायचं असलं की हप्ता किती, तरी तिला तोंड उघडायला जागा नाही. तुझं मन हलकं होईल आणि ते ओझं तिच्या डोक्यावर मुंडावळ्यांबरोबर बसेल. ज्या गोष्टीवर तिला 'थांब, मला विचार करू दे' म्हणायचा हक्क आहे, ती गोष्ट त्या सकाळच्या पत्रात येता कामा नये. ती त्याआधी, तिला नाही म्हणता येईल एवढा वेळ असताना, तोंडी सांगायची. भाचा पुढच्या रविवारी गोकाकला गेला आणि तिला सांगून आला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. परत आल्यावर त्यानं तो परिच्छेद पत्रातून काढला.

त्याच न्यायानं मी त्याला आणखी एक सांगितलं: पत्रात प्रश्न नको. 'तू खूश आहेस ना?' 'मला सांभाळून घेशील ना?' मसुद्यात असे बरेच होते. लिहिताना ते प्रेमाचे वाटतात. पण प्रश्न वाचला की उत्तर द्यावंसं वाटतं, आणि त्या वेळी तिच्या हातात ना फोन असतो ना निवांतपणा. मग ते उत्तर तिच्या मनात दिवसभर लोंबकळत राहतं.

दुसरी जागा होती वचनांची. 'तुला कधी काही कमी पडू देणार नाही, फुलासारखं जपेन.' असली वाक्यं कोणीही कोणालाही लिहितो. मी त्याला विचारलं, तिला नोकरी करायची आहे ना? बेळगावात दवाखान्यात लागली तर रात्रपाळी येणार. मग? तो म्हणाला, मी नेऊन सोडीन, आणायला जाईन. हे आईला सांगितलंस? नाही. मग आधी आईला सांग आणि मग लिही. कारण पत्रातलं वचन एकट्या नवऱ्याचं असतं, पण ते पाळावं लागतं अख्ख्या घराला. आईनं पहिल्याच महिन्यात 'सून रात्री बाहेर?' असं म्हटलं तर त्या पत्राची किंमत गेली. माझ्या वहिनीनं ऐकून घेतलं, एक दिवस गप्प राहिली आणि मग म्हणाली, चालेल, पण जाताना डबा तिच्या हातचा नको, माझा घेऊन जा. मग पत्रात वाक्य आलं ते असं: 'रात्रपाळी असेल तेव्हा मी न्यायला येईन. आईशी बोललो आहे. डबा आई देणार.' ही तीन लहान वाक्यं त्या फुलासारख्या जपण्यापेक्षा कितीतरी मोठी आहेत, कारण ती खरी झाली की नाही हे तिला मोजता येईल.

तिसरी जागा त्यानं मला दाखवायची म्हणून दाखवली नाही, पण बोलताना ती निघाली, आणि त्याबद्दल मी बराच वेळ गप्प बसले. आमच्या घरात सीमाभागाचा प्रश्न रक्तात आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, पुढे 1973 मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं, आणि त्या 1 नोव्हेंबरला आमच्याकडे अजून काळा दिन असतो. माझा भाऊ त्या दिवशी काळी फीत लावून मोर्चाला जातो. आमचे वडील जायचे, तसाच. तिच्या शाळेत त्याच दिवशी राज्योत्सव. लाल-पिवळा झेंडा, नाच, भाषणं. लहानपणी ती त्या नाचात पहिल्या रांगेत असायची, हे तिनंच त्याला सांगितलेलं. आता अशी मुलगी आमच्या घरात येणार. कोणी तिला टोचून बोलणार नाही हे मला ठाऊक आहे, माझा भाऊ तसा नाही. पण टोचून बोलावं लागत नाही. फोनवर मैत्रिणीशी कन्नडमध्ये बोलताना नवी सून आपोआप आवाज खाली करते, बोलता बोलता परड्यात निघून जाते. मी अशा सुना पाहिल्या आहेत. त्यांना कोणी काही म्हटलेलं नसतं.

हे पत्रात यावं का? मला वाटलं, हो. हे कर्जासारखं नाही. यावर तिला काही ठरवायचं नाही, काही उत्तर द्यायचं नाही. घर कसं आहे हे तिला माहीत आहे, तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे, एवढंच त्यानं सांगायचं. त्यानं लिहिलं ते तिच्या परवानगीनं इथे देते:

'आप्पा 1 नोव्हेंबरला काळी फीत लावतात. तू त्याच दिवशी नाचायचीस. मला दोन्ही माहीत आहे. आपल्या घरात तू कन्नड बोलताना आवाज कमी करू नको. आप्पांना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, पोरीनं घरात हळू बोलावं असं मी कुठल्याच भाषेत म्हणणार नाही.'

माझ्या भावाचं हे वाक्य मी पहिल्यांदा त्या पत्रातच वाचलं.

मग राहिली कागद-शाईची बाब. त्याला शाईपेनानं लिहायचं होतं, निळ्या शाईनं, कारण ते शोभून दिसतं. मी बोट ओलं करून मसुद्यावर ठेवलं. ओळ पसरली. न्हाऊन आलेल्या, केस ओले असलेल्या मुलीच्या हातात ते पत्र जाणार होतं. बॉलपेनची शाई तेलाची असते, पाण्यानं पसरत नाही, आणि बॉलपेन दाबून चालवावं लागत असल्यामुळे हातही सावकाश चालतो, अक्षर सुटं येतं. त्यानं काळं बॉलपेन घेतलं. कागद जरा जाड, म्हणजे मागच्या बाजूचं अक्षर पुढे उमटणार नाही. घडी ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेवर पडेल अशी.

पाकीट मात्र मी निवडून दिलं. लग्नात पाकिटांचा सुकाळ असतो, सोनेरी गणपती, कोपऱ्यात चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं, आणि ती सगळी शेवटी आहेर लिहिणाऱ्याच्या पिशवीत जातात. आमच्याच नात्यात एका नवऱ्यानं असं पत्र आहेराच्या पाकिटात घालून पाठवलं. मधल्या हातानं ते पिशवीत टाकलं आणि वहीवर बसलेल्या काकांनी पैसे मोजायला म्हणून ते दहा माणसांत उघडलं. ती मुलगी कितीतरी दिवस त्या काकांसमोर आली नाही. म्हणून आमचं पाकीट लांबट, खाकी, टपालाचं, बाहेर फक्त तिचं नाव. नाणं नाही, गणपती नाही, आणि चिकटवलेलंही नाही. घाईत फाडताना कागद फाटतो.

सकाळी उष्टी हळद घेऊन आम्ही निघालो तेव्हा पाकीट ताटात ठेवलं नाही. ओली हळद कागदावर चढली की जात नाही. भाचीनं ते आपल्या पर्समध्ये ठेवलं आणि तिथे गेल्यावर नवरीच्या हातात न देता तिच्या मावसबहिणीकडे दिलं, कारण तिथून पुढचा वेळ त्या बहिणीलाच कळणार होता. तिला एवढंच सांगितलं: न्हाणं झाल्यावर, पार्लरवाली सुरू करायच्या आधी. आणि फोटोवाल्याला आत सोडू नको. मग आम्ही हळद लावली, गाणी म्हटली आणि परत आलो. पत्र पोचलं की नाही, वाचलं की नाही, हे त्या दिवशी भाच्यानं कोणालाही विचारायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. तो विचारायला लागला असता तर बायकांनी तिला जाऊन विचारलं असतं, आणि मग ते पत्र राहिलं नसतं, निरोप झाला असता.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं, आम्ही दोघी हिरव्या मिरच्या निवडत बसलो होतो तेव्हा. पहिली ओळ वाचून तिला हसू आलं, कारण अवसर मधला र त्यानं शाळेतल्या मुलासारखा मोठा गोल काढला होता. मग तिनं खरंच सावकाश वाचलं, बोट ठेवून, आणि कोणाची लाज वाटली नाही. फक्त पान उलटल्यावर एका शब्दाला ती अडली. पक्की प्रत मी पाहिली नव्हती, आणि तिथे भाच्याचा हात सवयीनं गेला होता: 'घराच्या पायऱ्या उंच आहेत, साडी सांभाळ.' तिनं बहिणीला दाखवलं. बहीणही कन्नड शाळेचीच. दोघींनी मिळून 'पाया' वाचला, मग 'पार्या' वाचला, अर्थ लागेना. शेवटी पार्लरवाली, वडगावची, मराठी शाळेत शिकलेली, ब्रश हातात घेऊन उभी होती, तिला विचारलं. तिनं तेवढा एक शब्द वाचून दाखवला, बाकीच्या पत्रावर हात धरला आणि म्हणाली, "माझं काही बघितलं नाही बाई, तू वाच, मी थांबते."